थंडीची लाट आणि पिल्लांची शेड: बोटावरच्या ऑक्सिमीटरच्या ९८ वर विसंबू नका

रात्रीचा पारा १२-१३ अंशांखाली उतरला की मोहोळ, बार्शी, माढा, सांगोला भागातल्या कोंबडीशेडमध्ये पडदे जमिनीपासून वरपर्यंत घट्ट बांधले जातात आणि आत कोळशाच्या शेगड्या मांडल्या जातात. ऐन वेळी लाईट गेली की बल्ब गेले, म्हणून शेगडी. पिल्लं राखणारा माणूसही उबेसाठी आतच अंथरूण टाकतो. दर हिवाळ्यात बॅच जाते ती इथे, आणि माणूस धोक्यात येतो तोही इथेच. म्हणून या पंधरवड्याच्या सल्ल्यात बाकीची कामं थोडक्यात उरकतो.

नेहमीची कामं:
- हरभरा: एकरी २ कामगंध सापळे, पक्षीथांबे, अळी लहान असतानाच ५ टक्के निंबोळी अर्क.
- गहू: ४०-४५ दिवसांनी कांडी धरण्याचं, ६०-६५ दिवसांनी फुलोऱ्याचं पाणी चुकवू नका.
- ज्वारी: पाणी असेल तर पोटरीत एक आणि फुलोऱ्यात एक.
- द्राक्ष: कडाक्याच्या थंडीत पहाटे ठिबक चालवा. ‘थंडी मारणारं टॉनिक’ म्हणून जी बाटली गळ्यात मारतात तिच्यापेक्षा हे पाणी स्वस्त आणि खात्रीचं.
- पिल्लं: पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली ३३ ते ३५ अंश, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी. बल्ब लावायचे तर दर पिल्लामागे २ वॅट धरा.

आता शेगडीकडे वळू. सगळ्यात घातक समजूत अशी की कोळसा बाहेर पेटवून धूर गेला की शेगडी आत न्यायला हरकत नाही. धूर गेला तरी कार्बन मोनॉक्साईड जात नाही. उलट लालबुंद निखाऱ्यावर राख चढून तो धुमसत राहिला आणि बंद शेडमध्ये त्याला हवा कमी पडली की हा वायू जास्त तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. दुकानात ‘बिनधुराचा कोळसा’ म्हणून जास्त भावाने विटा विकल्या जातात आणि ‘आत झोपलं तरी चालतंय’ असं सांगितलं जातं. धूर नसल्याने माणूस गाफील राहतो, तेव्हा त्या विटेसाठी जादा पैसे मोजून तुम्ही फक्त धोक्याची खूण घालवता. गॅस ब्रूडरची ज्योत निळी सोडून पिवळी जळत असेल तर तोही हाच वायू सोडतो.

सकाळी पिल्लं मेलेली दिसली की विक्रेता आधी प्रतिजैविक देतो, मग लिव्हर टॉनिक, मग पाण्यात टाकायची पावडर. एकही पैसा खर्च करण्याआधी ताजी मेलेली दोन-तीन पिल्लं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन फाडून बघा. रक्त आणि फुफ्फुसं नेहमीपेक्षा उजळ, गुलाबी-लाल निघाली तर संशय शेगडीवर घ्या. एक अनुभवाचा अंदाजही सांगतो, पुस्तकात कदाचित सापडणार नाही: थंडीने मेलेली पिल्लं एकावर एक ढीग करून मरतात, वायूने मेलेली शेगडीच्या आसपास जिथल्या तिथे लवंडलेली असतात. पिल्लांचं असं दिसलं तर त्याच शेडमध्ये झोपलेल्या माणसाकडे लगेच बघा. तो ‘डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात जोर नाही’ म्हणत असेल, तर ती थंडी नाही आणि पित्तही नाही.

इथेच दुसरी चूक होते, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडते. कोविडनंतर घरोघरी बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. ते लावलं जातं, पडद्यावर ९८ दिसतं, सगळे निर्धास्त होतात, आणि पित्ताची गोळी देऊन माणसाला झोपायला लावतात. कित्येकदा पुन्हा त्याच शेडमध्ये.

९८ का दिसतं ते नीट समजून घ्या. रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे सोलापूर-पंढरपूर एसटी धरा आणि ऑक्सिजन म्हणजे प्रवासी. फुफ्फुसाच्या स्टँडवर ते चढतात आणि वाटेतल्या मेंदू, हृदय, स्नायू अशा थांब्यांवर उतरतात. कार्बन मोनॉक्साईड ऑक्सिजनच्याच सीटवर बसतो, आणि त्याची पकड ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त असते. एकदा बसला की तासन्‌तास उठत नाही. त्याने अडवलेल्या हिमोग्लोबिनला कार्बोक्सीहिमोग्लोबिन म्हणतात. वर आणखी एक खोडी अशी की तो शेजारी बसला की उरलेल्या सीटवरचा ऑक्सिजनही थांब्यावर सहजी उतरत नाही. गाडी भरलेली दिसते, पण गावात कोणी उतरतच नाही.

बोटावरचं यंत्र दोनच दिवे वापरतं, एक सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि एक सुमारे ९४० चा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. दोन्ही प्रकाश बोटात किती शोषले गेले यावरून ते ऑक्सिजन असलेलं आणि नसलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखतं. तिसरा प्रकार असू शकतो हे त्याच्या हिशेबातच नाही. कार्बोक्सीहिमोग्लोबिन लाल प्रकाशात जवळपास ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखंच दिसतं, म्हणून यंत्र त्यालाही ऑक्सिजनच समजून मोजतं. सीट भरलेली आहे एवढंच ते बघतं, कोण बसलंय ते बघत नाही. यंत्र बिघडलेलं नसतं, त्यामुळे महागडं दुसरं यंत्र घेतलं तरी दोन दिव्यांचं असेल तर आकडा तोच येणार.

एक उदाहरण आकड्यांनिशी सोडवून बघू. समजा राखणदार पहाटे ४ वाजता डोकं धरून शेडबाहेर आला. एक उलटी झाली. बोटावर ९८. घरच्यांनी वाट बघितली, गाडी मिळायला वेळ गेला, आणि वाटेत ऑक्सिजन न मिळता सकाळी ७ वाजता सोलापुरात रक्त घेतलं गेलं. रक्तवायू तपासणीत रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ९२ आला, म्हणजे नॉर्मल. हा दाब रक्ताच्या पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचा असतो. म्हणजे स्टँडवर किती प्रवासी उभे आहेत एवढंच तो सांगतो, गाडीत कोण आहे ते नाही. फुफ्फुसं चांगली असली की तो चांगलाच येणार.

त्याच कागदावर ऑक्सिजनची संपृक्तता, म्हणजे किती टक्के सीटवर ऑक्सिजन बसलाय ते, ९७ छापलेली असते, आणि इथे डॉक्टरसुद्धा फसू शकतात. साध्या रक्तवायू यंत्रात हा आकडा मोजलेला नसतो, दाब आणि आम्लता यांवरून सूत्राने काढलेला असतो. कागदावर `sO2(c)` असं लिहिलं असेल तर तो `c` म्हणजे हिशेबाने काढलेला. खरं उत्तर को-ऑक्सिमीटर जोडलेलं रक्तवायू यंत्र देतं. ते रक्ताच्या नमुन्यातून दोनऐवजी अनेक तरंगलांबींचा प्रकाश सोडून हिमोग्लोबिनचा प्रत्येक प्रकार वेगळा मोजतं. आपल्या उदाहरणात तिथे असं छापून येईल:

```
sO2(c)   97 %
FO2Hb    70 %
FCOHb    28 %
```

`FO2Hb` म्हणजे ऑक्सिजन असलेलं हिमोग्लोबिन, `FCOHb` म्हणजे कार्बोक्सीहिमोग्लोबिन. ७० आणि २८ मिळून ९८. बोटावरचं यंत्र असंच दोन्ही एकत्र मोजून ९८ दाखवत होतं. धूम्रपान न करणाऱ्याच्या रक्तात कार्बोक्सीहिमोग्लोबिन २-३ टक्क्यांच्या आत असतं, बिडी-सिगारेटवाल्याचं १० पर्यंत जाऊ शकतं. २८ ला दुसरा बहाणा नाही. हिमोग्लोबिन १४ धरलं तर १०० मिली रक्तात एरवी सुमारे १८ मिली ऑक्सिजन बसतो, इथे १३ च आहे, आणि त्यातलाही सगळा उतरत नाही. विरघळलेला ऑक्सिजन, ज्याचा दाब इतका छान आला, तो जेमतेम पाव मिलीच्या वर भरतो.

रक्त कधी घेतलं ही वेळ आकड्याइतकीच महत्त्वाची. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला ४ ते ६ तास लागतात. मधल्या ५ तासांनी हिशेब केला तर ३ तासांनी २८ म्हणजे शेडमधून बाहेर येताना सुमारे ४२ टक्के असणार. आणि तोंडावर मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला तर हा वायू तास-दीड तासातच निम्मा होतो. म्हणून रुग्णवाहिकेत ऑक्सिजन घेत आलेल्याचा आकडा ८ आला तर ‘काही नाही झालं’ असा अर्थ काढू नका. आकडा कमी असूनही त्रास जास्त, किंवा उलट, असंही होतं. बेशुद्धी आली होती का, छातीत दुखतंय का, बाई गरोदर आहे का, हे आकड्याच्या बरोबरीने सांगायचं. गरोदर बाईच्या बाबतीत पोटातल्या बाळाच्या रक्तात हा वायू आईपेक्षा जास्त साठतो आणि उशिरा निघतो.

असं झालं तर करायचं ते या क्रमाने:
1. आत धावण्याआधी बाहेरून दोन्ही बाजूंचे पडदे कापा किंवा सोडा. श्वास रोखून माणूस ओढून काढा. शेगडी विझवत आत थांबू नका.
2. १०८ ला फोन करा आणि ‘बंद शेडमध्ये कोळसा होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.
3. ऑक्सिजन लगेच सुरू करायला सांगा, पिशवीच्या घट्ट मास्कने, मिनिटाला १० ते १५ लिटर. बोटावर ९८ आहे म्हणून तो थांबवायचा नाही, रिपोर्टची वाटही बघायची नाही.
4. दवाखान्यात ‘को-ऑक्सिमेट्री होते का’ असं विचारा. कार्बोक्सीहिमोग्लोबिनसाठी मनगटाची धमनीच टोचायला हवी असं नाही, हेपरीनच्या सिरिंजमध्ये शिरेतलं रक्तही चालतं. यंत्र जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात असेल तर नमुना आधी घ्या, ऑक्सिजन चालू ठेवा, मग हलवा.
5. शेडमध्ये जे जे झोपले होते त्या सगळ्यांची तपासणी करा, ज्याला काही होत नाही त्याचीही.

शेडचं आजच्या आजच बदलायचं एवढंच: पडदा खालून घट्ट आणि वरून उघडणारा बांधा, वारा येतो त्याच्या उलट बाजूला वर किमान फूटभर फट रात्रभर ठेवा. शेगडी वापरायचीच तर छपराबाहेर नळी काढलेली वापरा. जनरेटर दाराजवळ नको, शेडपासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. राखणदाराचं अंथरूण बाहेरच्या खोलीत, आणि त्या खोलीतही शेगडी नाही. फटीमुळे दोन अंश उष्णता कमी पडली तर दोन बल्ब वाढवा किंवा चिक गार्डचा घेर लहान करा.

कधी कधी घरी आल्यावर माणूस आठवडाभर ठणठणीत असतो, आणि मग काही दिवसांनी, कधी महिन्याभरानेसुद्धा, विसरायला लागतो, चिडचिड करतो, चालताना तोल जातो. घरचे म्हणतात धक्का बसलाय, कुणी बाहेरचं काही तरी आहे म्हणतं. त्या वेळी जुना रिपोर्ट घेऊन परत डॉक्टरांकडे जा, म्हणून `FCOHb` चा आकडा आणि रक्त घेतल्याची वेळ असलेला कागद जपून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई पुसट होत जाते, त्याचा त्याच दिवशी मोबाईलवर फोटो काढून घ्या.