सिंगल साइन-ऑन अडले आणि अकराला क्लायंटची बैठक: आयटी डेस्कला तिकीट लिहिताना या चुका टाळा

पणजीतील पाटो भागातल्या एका कार्यालयाच्या आयटी डेस्कवर मी काम करतो. आमच्याकडे कामाच्या सगळ्या सेवा एकाच लॉगिनने, म्हणजे सिंगल साइन-ऑनने उघडतात. मध्यंतरी सकाळी ९:५० वाजता एक तिकीट आले. त्यात एवढेच लिहिले होते: ‘लॉगिन होत नाही, खूप अर्जंट आहे, पासवर्ड रीसेट करा.’ आम्ही पासवर्ड बदलून दिला, पण सहकारी तिथेच अडकलेले राहिले आणि वेर्ण्यातील ११:०० च्या बैठकीपूर्वीची वीस मिनिटे वाया गेली. त्यांचा पासवर्ड मुळात बरोबरच होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी फोन बदलला होता आणि साइन-इनला मान्यता मागणारी सूचना जुन्याच फोनवर जात होती.

या तिकिटातील मोठी चूक म्हणजे लक्षण न सांगता उपाय मागणे. साइन-इन कोणत्या पायरीवर थांबते, हे आधी पाहावे. पासवर्ड टाकताच तो चुकीचा असल्याचा संदेश आला, तर अडचण पासवर्डची असते. पासवर्ड स्वीकारला जाऊन पडद्यावर दोन अंकी संख्या दिसली, पण फोनवर काहीच आले नाही, तर अडचण दुसऱ्या पडताळणीची असते. मायक्रोसॉफ्टच्या साइन-इनमध्ये अशा वेळी काही क्षणांनी ‘We didn't hear from you’ असा संदेश येतो आणि तपशील उघडल्यावर 500121 हा त्रुटी क्रमांक दिसू शकतो. त्यावर पासवर्ड रीसेट करून काहीही साधत नाही.

त्याच तपशिलात Request Id, Correlation Id आणि Timestamp असतात. घाईत काढलेल्या स्क्रीनशॉटमधून नेमका हाच भाग कापला जातो, म्हणून पूर्ण पान घ्यावे. तिथली वेळ शेवटी Z असलेली, म्हणजे यूटीसी असते. 04:12Z म्हणजे आपल्याकडची सकाळची ९:४२. या खुणांवरून साइन-इनच्या नोंदींतला नेमका तोच प्रयत्न सापडतो. आपण कुठून आणि कोणत्या नेटवर्कवरून प्रयत्न केला, हेही लिहावे, कारण गोव्यात मोबाइल हॉटस्पॉट वापरला तरी नोंदीत दुसऱ्याच शहराचे नाव दिसू शकते आणि तो प्रयत्न परक्याचा असल्याचा संशय येतो.

तिकिटाचे पोर्टलही पुष्कळदा त्याच साइन-ऑनच्या मागे असते. मग शेजारचा सहकारी आपल्या खात्यातून तिकीट नोंदवतो आणि डेस्क त्याचेच खाते तपासत बसतो. म्हणून अडकलेल्या व्यक्तीचा ईमेल पत्ता पहिल्याच ओळीत हवा. सहकाऱ्याच्या लॉगिनने स्वतःचे काम मात्र करू नये.

त्या दिवशी तिकीट असे आले असते, तर काम पहिल्याच फोनवर मार्गी लागले असते:

विषय: पासवर्ड स्वीकारला जातो, मान्यतेची सूचना नव्या फोनवर येत नाही; आज ११:०० ला क्लायंट बैठक

‘हे तिकीट सहकाऱ्याच्या खात्यातून नोंदवत आहे, अडकलेले खाते माझे आहे, त्याचा ईमेल पत्ता: …. काल संध्याकाळी फोन बदलला. जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिला. आज ९:४२ ला वेर्णा येथून, कंपनीच्या लॅपटॉपवर, मोबाइल हॉटस्पॉटवरून दोनदा प्रयत्न केला. त्रुटी 500121, पूर्ण पानाचा फोटो जोडला आहे. सादरीकरण शेअरपॉइंटवर असल्यामुळे १०:४० पर्यंत प्रवेश हवा. ओळख पडताळण्यासाठी एचआरकडे नोंदलेल्या क्रमांकावर फोन करावा; मी उपलब्ध आहे.’

जुना फोन कुठे आहे, हे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. तो जवळ असेल, तर त्यात सिम नसले तरी वाय-फायवर ऑथेंटिकेटर या मान्यता देण्याच्या ॲपची सूचना येते आणि तिकिटाशिवायच वाट मोकळी होते. बॅकअपमधून नव्या फोनवर खात्याचे नाव आलेले दिसते, पण कार्यालयीन खात्याची नोंदणी तिथे पुन्हा करावी लागते. लोक फसतात ते इथेच. जुना फोन हाताशी नसेल, तर डेस्क ओळख पटवून टेम्पररी ॲक्सेस पास, म्हणजे थोड्या वेळापुरता चालणारा साइन-इन कोड देऊ शकतो, अर्थात कंपनीने ती सोय सुरू ठेवली असेल तर. त्याची मुदत सहसा एक तास असते. ही पडताळणी टाळण्याची विनंती करू नये, कारण फोन बदलल्याची बतावणी करून परक्याचे खाते मिळवण्याचा प्रयत्नही असाच होतो. पासवर्ड किंवा ओटीपी तिकिटात कधीही लिहू नये.

मान्यतेची विनंती पुन्हा पुन्हा पाठवत राहण्यापेक्षा दोन प्रयत्नांनंतर थांबावे. तिकिटाचे उत्तर येईपर्यंत सादरीकरण उघडू शकणाऱ्या सहकाऱ्याला सज्ज ठेवावे.

पास मिळाल्यावर आधी aka.ms/mysecurityinfo येथे नवा फोन नोंदवावा आणि मग बैठकीची फाइल उघडावी. उलट क्रमाने गेल्यास तास संपतो आणि दुपारी पुन्हा तेच तिकीट येते. त्याच पानावरील यादीतून एक्स्चेंजमध्ये गेलेला जुना फोनही काढून टाकावा.