लाकडी पेटी-तुळईत खिळे किती अंतरावर ठोकावेत: शिअर फ्लोवरून हिशेब

चार फळ्या जोडून पोकळ पेटीसारखी तुळई केली की ती अखंड तुळईसारखी वागेल की चार सुट्या फळ्यांसारखी, हे खिळ्यांवर ठरतं. तुळई वाकते तेव्हा वरची फळी आखडू पाहते, खालची ताणू पाहते आणि बाजूच्या फळ्यांवरून दोघी लांबीच्या दिशेने सरकू पाहतात. हे सरकणं रोखायला तुळईच्या दर मिलिमीटर लांबीमागे जेवढं बल लागतं, तोच शिअर फ्लो. तो कळला की खिळ्यांचं अंतर एका भागाकारात निघतं. चुका मात्र भागाकारात होत नाहीत, त्याआधी होतात. म्हणून इथे एकच तुळई घेऊन, तीच दोन प्रकारे जोडून पाहू.

उदाहरणाची तुळई

गाळा ४ मीटर, दोन्ही टोकांना साधा टेकू. स्ववजनासह भार मीटरला २ किलोन्यूटन, सर्वत्र सारखा पसरलेला. टेकूपाशी शिअर फोर्स, म्हणजे तुळईला आडव्या छेदात कापू पाहणारं बल, V = ४ किलोन्यूटन, म्हणजे ४००० न्यूटन. पेटीचं बाहेरचं माप रुंदी २०० मिमी आणि उंची ३०० मिमी, फळ्या ४० मिमी जाड. आतली पोकळी १२० × २२० मिमी.

खिळा ४ मिमी व्यासाचा, ९० मिमी लांब. एका खिळ्याची आडव्या बलाची सुरक्षित क्षमता F = ४५० न्यूटन धरली आहे. हा आकडा उदाहरणापुरता आहे. प्रत्यक्षात तो लाकडाची जात, ओलावा, भार किती काळ राहणार आणि खिळ्याचा व्यास यांवर ठरतो आणि तुम्हाला लागू असलेल्या संहितेतूनच घ्यावा लागतो. ओल्या लाकडात तो बराच उतरतो.

पायरी १: मोमेंट ऑफ इनर्शिया

मोमेंट ऑफ इनर्शिया I म्हणजे छेदाचा आकार वाकण्याला किती विरोध करतो याचं माप. बाहेरच्या आयतातून पोकळी वजा करा.

```
I = (२०० × ३००³ − १२० × २२०³) / १२
  = ३४,३५,२०,००० मिमी⁴
```

न्यूट्रल ॲक्सिस म्हणजे तुळई वाकताना जी रेषा ना आखडते ना ताणली जाते ती. छेद वर-खाली सारखा आहे, म्हणून ती मधोमध, कडेपासून १५० मिमीवर. वरची आणि खालची फळी वेगळ्या जाडीच्या असतील तर आधी न्यूट्रल ॲक्सिसची जागा काढा, मगच पुढे जा.

पायरी २: कोणती फळी सुटी होते ते पाहा

सगळा हिशेब या पायरीवर उभा आहे. कागदावर छेद काढा आणि वरची फळी पेटीतून वेगळी करायची आहे असं समजा. ती मोकळी व्हायला खिळ्यांच्या किती ओळी सोडाव्या लागतात आणि सुटून आलेला तुकडा नेमका केवढा आहे, या दोन गोष्टी लिहून ठेवा.

पहिली मांडणी: २०० मिमी रुंद फळी बाजूच्या दोन फळ्यांच्या डोक्यावर बसवलेली आणि खिळे वरून खाली ठोकलेले. बाजूच्या फळ्यांची उंची २२० मिमी. सुटणारा तुकडा २०० × ४०, ओळी दोन.

दुसरी मांडणी: बाजूच्या फळ्या पूर्ण ३०० मिमी उंच आणि वरची फळी त्यांच्या मध्ये अडकवलेली, फक्त १२० मिमी रुंद. खिळे बाजूने आडवे ठोकलेले. सुटणारा तुकडा १२० × ४०, ओळी इथेही दोन.

दोन्हींत बाहेरचं माप तेच, पोकळी तीच, I तोच आणि लागणारं लाकूडही सारखंच, छेदात ३३,६०० चौरस मिमी. फरक फक्त सांधा कुठे पडतो एवढाच.

पायरी ३: Q काढा

Q म्हणजे सुटणाऱ्या तुकड्याचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या मध्यबिंदूचं न्यूट्रल ॲक्सिसपासूनचं अंतर. हे अंतर फळीच्या मध्यापर्यंत मोजायचं: १५० − २० = १३० मिमी. वरच्या कडेपर्यंतचे १५० किंवा सांध्यापर्यंतचे ११० घेणं ही नेहमीची चूक आहे.

```
मांडणी १:  Q = २०० × ४० × १३० = १०,४०,००० मिमी³
मांडणी २:  Q = १२० × ४० × १३० =  ६,२४,००० मिमी³
```

अर्ध्या छेदाचा Q, म्हणजे वरच्या फळीसह बाजूच्या फळ्यांचा न्यूट्रल ॲक्सिसपर्यंतचा भाग धरून काढलेला, इथे लागत नाही. तो न्यूट्रल ॲक्सिसवर लाकडाच्या आतला शिअर ताण तपासायला वापरतात. तिथे खिळ्यांचा सांधाच नाही. चुकून तो वापरला तर पहिल्या मांडणीत अंतर ५० मिमीच्या आसपास येतं. ती चूक सुरक्षित बाजूची वाटते, पण दाट खिळ्यांनी फळी चिरण्याचा धोका वाढतो.

पायरी ४: शिअर फ्लो आणि अंतर

```
q = V × Q / I
s = n × F / q
```

इथे q म्हणजे शिअर फ्लो, s म्हणजे खिळ्यांचं अंतर आणि n म्हणजे सुटणाऱ्या तुकड्याला धरून ठेवणाऱ्या ओळी, आपल्याकडे २. हे n विसरलं तर अंतर निम्मं येतं. उलट वर दोन आणि खाली दोन म्हणून ४ धरलं तर दुप्पट येतं, आणि ते खरोखर धोक्याचं आहे. खालच्या ओळी वरच्या फळीला धरत नाहीत.

```
मांडणी १:  q = १२.११ न्यूटन/मिमी,  s = ९००/१२.११ = ७४ मिमी
मांडणी २:  q =  ७.२७ न्यूटन/मिमी,  s = ९००/७.२७ = १२४ मिमी
```

उत्तर नेहमी खाली उतरवा: पहिलीला ७० मिमी, दुसरीला १२० मिमी. वाकण्याचा ताण या तुळईत जेमतेम १.७५ न्यूटन प्रति चौरस मिमी आहे. म्हणजे लाकडावर फारसा ताण नसताना खिळे मात्र क्षमतेच्या काठावर काम करतात. जोडतुळईत हे असं बऱ्याचदा होतं, म्हणून फक्त वाकण्याचा ताण तपासून थांबू नका.

पायरी ५: मध्याकडे अंतर वाढवा

सारख्या पसरलेल्या भारात शिअर फोर्स टेकूपाशी सर्वांत जास्त असतो आणि मध्यावर शून्य होतो. टेकूपासून १ मीटरवर V निम्मा, २ किलोन्यूटन, म्हणून तिथून पुढे अंतर दुप्पट चालतं. पहिल्या मांडणीत १४८ येतं, १४० घ्या. दुसरीत २४८ येतं, पण २०० पुरे करा. त्याहून लांब अंतर ठेवलं तर फळी सुकताना मधल्या भागात उघडी पडू शकते.

भार मध्यावर एकवटलेला असेल तर ही सवलत नाही. तिथे टेकूपासून भारापर्यंत V सारखाच राहतो आणि खिळेही सारख्याच अंतरावर लागतात.

आता पडताळा. टेकूपासून मध्यापर्यंतच्या सगळ्या खिळ्यांनी मिळून वरच्या फळीत जेवढं बल पोहोचवायचं, ते M × Q / I इतकं असतं. M म्हणजे तुळईला वाकवणारा मोमेंट. मध्यावर M = ४ किलोन्यूटन-मीटर. दुसऱ्या मांडणीत हे बल ७२६६ न्यूटन, म्हणजे अर्ध्या तुळईत किमान १६.१ खिळे, एका ओळीत ९. पहिला खिळा टोकापासून ६० मिमीवर, मग १०२० मिमीपर्यंत १२० अंतराने, मग २०० अंतराने ठोकले तर अर्ध्या ओळीत १३ बसतात. हिशेब जुळला. मध्याच्या दोन्ही बाजूंचे शेवटचे खिळे १८२० आणि २१८० वर येतात, म्हणून बरोबर मध्यावर एक जादा ठोका. पूर्ण तुळईला १०८ खिळे होतात. पहिल्या मांडणीला तसेच मोजले तर १६८.

पायरी ६: खिळा त्या जागी बसतो का

लाकडाच्या तंतूंच्या दिशेने दोन खिळ्यांत साधारण १० व्यास, कडेपासून ५ व्यास आणि भार येणाऱ्या टोकापासून १५ व्यास अंतर ठेवण्याची रीत आहे. ४ मिमीच्या खिळ्याला हे ४०, २० आणि ६० मिमी होतात. अंतर ७० असो वा १२०, अडचण नाही. पण कडेचे २० मिमी म्हणजे ४० मिमीच्या फळीचा बरोबर मध्य, इकडेतिकडे सरकायला जागा नाही. पेन्सिलीने मध्यरेषा आखूनच ठोका. लाकूड कठीण किंवा कोरडं असेल तर आधी ३ मिमीचं छिद्र पाडा, चिरण्याची भीती खूप कमी होते. हिशेबात अंतर ४० मिमीच्या खाली आलं तर खिळे दाटीने ठोकू नका. मोठ्या क्षमतेचा खिळा घेऊन त्याच्या व्यासाप्रमाणे फळीची जाडी पुन्हा पाहा, किंवा छेद उंच करा.

लांबी ९० मिमी घेण्याला कारण आहे. ४० मिमी फळीतून गेल्यावर ५० मिमी आत उरतात, १२ व्यासांहून जास्त, पकडीला पुरेसे. दुसऱ्या मांडणीत १०० मिमीचा खिळा घेतला तर दोन्ही बाजूंची टोकं १२० मिमी फळीच्या मधोमध एकमेकांवर येऊन अडतात.

कोणती मांडणी घ्यावी

जागा आणि फळ्यांचं माप परवानगी देत असेल तर दुसरी. खिळे कमी लागतात हे एक कारण, पण दुसरं त्याहून महत्त्वाचं आहे. खिळे कधीच पूर्ण ताठ नसतात. भार आला की ते थोडे वाकतात, सांधा किंचित सरकतो आणि तुळईचा खरा ताठपणा हिशेबातल्या I पेक्षा कमी राहतो. सांधे पूर्ण सैल झाले असं धरून सुट्या फळ्यांच्या I ची बेरीज केली तर पहिल्या मांडणीत ७.३ कोटी मिमी⁴ उरते, अखंड पेटीच्या जवळपास पाचवा हिस्सा. दुसरीत १८.१ कोटी, म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त. उंच बाजूफळ्या एकट्याही बरंच पेलतात. याच सरकण्यामुळे वाक मोजताना पूर्ण I वापरून आलेल्या आकड्यावर विसंबू नका. तो प्रत्यक्षापेक्षा कमीच असतो.

सरकणं झालं की नाही हे पाहायला, तुळई बसवण्याआधी दोन्ही टोकं एकसारखी कापा आणि टोकाजवळ सांध्यावर आडवी बारीक रेघ मारा. रेघेचा अर्धा भाग एका फळीवर, अर्धा दुसरीवर. सरकणं टेकूपाशी सर्वांत जास्त आणि मध्यावर शून्य असतं, म्हणून रेघ टोकालाच हवी. भार चढल्यावर रेघ केसभर तुटली तर ते खिळ्यांचं नेहमीचं वाकणं. भार तसाच असून ती महिनोन्‌महिने आणखी तुटत गेली, किंवा खिळ्यांच्या डोक्यांभोवती लांबट खाचा दिसू लागल्या, तर टेकूकडच्या मीटरभरात खिळे कमी पडत आहेत. तिथे जुन्या खिळ्यांच्या मधोमध नवे ठोका. दुसऱ्या मांडणीत १२० चं अंतर त्यामुळे ६० होतं, ४० च्या मर्यादेपेक्षा जास्तच. पहिल्या मांडणीत ७० चं ३५ होतं आणि ते बसत नाही. तिथे भार उतरवून सांधा आधी छिद्र पाडलेल्या लांब स्क्रूंनी आवळावा लागतो, आणि त्या स्क्रूंची क्षमता व अंतर वेगळं मोजावं लागतं.