परत आलेली इंटर्नशिप लॉगबुक: नोंदी कशा सुधारल्या

लॉगबुक परत येण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: "मशीन शॉपमध्ये काम पाहिलं" अशी नोंद. त्यात विद्यार्थ्याने स्वतः काय केलं ते कळत नाही. त्याऐवजी काम, मोजमाप, अडचण आणि उपाय लिहायचा. उदाहरणार्थ: "शाफ्टचा व्यास २५.०० मिमी हवा होता, मायक्रोमीटरवर २५.०८ आला. टूलची धार झिजली होती. ऑपरेटरच्या देखरेखीखाली ऑफसेट व्यासात ०.०८ ने कमी केला. पुढचे पाचही नग टॉलरन्समध्ये आले." हे चार वाक्यांत बसतं. तोंडी परीक्षेत प्रश्नही यावरच येतात.

दुसरी चूक तासांची. पाच दिवसांच्या आठवड्यात एक सुट्टी आली तर ८ तासांप्रमाणे चार दिवसांचे ३२ तास होतात. सवयीने ४० लिहिले की हजेरीपत्रकाशी मेळ बसत नाही. बेरीज हजेरीपत्रक समोर ठेवूनच करावी.

रोज संध्याकाळी दोन ओळी टिपून ठेवाव्यात आणि आठवड्याच्या शेवटच्या दिवशी कंपनीतल्या मार्गदर्शकांची तारखेसह सही घ्यावी. सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दिवशी घेतलेल्या लगेच ओळखू येतात. मार्गदर्शक रजेवर असतील तर सही पुढच्या आठवड्यात घ्यावी, पण तारीख खरीच टाकावी. ग्राहकाचं नाव किंवा ड्रॉइंग मात्र परवानगीशिवाय लॉगबुकमध्ये नको.