अर्धी रिकामी फळांची टोपली फोटोत भरायची, पण नक्कल ओळखू येऊ द्यायची नाही

टोपलीच्या फोटोत डाव्या बाजूला सहा सफरचंदं रचलेली आहेत, उजवी बाजू ओकीबोकी आहे आणि ती भरून हवी आहे. अशा वेळी बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो: Photoshop मध्ये Clone Stamp घ्या, Alt दाबून चांगल्या भागावर क्लिक करा आणि रिकाम्या जागेवर फिरवत जा. हा सल्ला सरळ बाजूला ठेवा. Clone Stamp ने फळाचा डाग काढावा, आख्खं फळ उभं करू नये. ब्रशच्या मऊ कडांमुळे फळाची कड धुरकट होते. शिवाय शेजारची दोन फळं, त्यांच्यातली फट आणि सावली असा सगळा तुकडाच जसाच्या तसा पुन्हा उमटतो. नक्कल पकडली जाते ती बहुधा अशा तुकड्यामुळे. एखादं फळ दोनदा आलं तर कळत नाही, पण शेजारीही तेच आले की लगेच कळतं.

म्हणून प्रत्येक फळ वेगळं उचलायचं. कडेने नीट निवड करा, Ctrl+J ने स्वतंत्र लेयरवर घ्या, लेयरला नाव द्या. यात सांगण्यासारखं काही नाही.

कोणतं फळ उचलायचं याचा मात्र विचार करा. हात आपोआप सगळ्यात देखण्या सफरचंदाकडे जातो, देठ समोर असलेल्या किंवा पिवळा पट्टा असलेल्या. तेच नको. पाहणारा फळं लक्षात ठेवत नाही, खुणा लक्षात ठेवतो: देठाचा बाक, पट्टा, ठिपका. आपल्या टोपलीत देठ दिसणारी दोन सफरचंदं आहेत, पट्ट्याचं एक आहे आणि उरलेली तीन नुसती लाल, कुशीवर पडलेली आहेत. ती तीन आपल्या कामाची. त्यांच्यावरचे ठिपके Healing Brush ने आधीच पुसून टाका. खुणा नंतर वेगवेगळ्या जागी घालता येतात.

आता अवघड भाग. बरेच दिवस माझी इथेच अडचण व्हायची, कारण सगळे सांगतात की नक्कल आडवी उलटी करा, थोडी फिरवा, झालं. तसं होत नाही. खिडकी डावीकडे वर आहे, म्हणून प्रत्येक खऱ्या फळावर डाव्या खांद्यावर पांढरी चकाकी आहे आणि उजवी बाजू काळपट आहे. फळ उलटं केलंत की चकाकी उजवीकडे जाते. एकाच टोपलीत दोन खिडक्यांचा उजेड दिसू लागतो. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण फोटो खोटा वाटतो. नुसतं फिरवलं तरी तीच गत. 10-15 अंशांपर्यंत चालून जातं, त्यापुढे उजेडही फळाबरोबर फिरलेला दिसतो.

उपाय असा की फळ आणि उजेड वेगळे करायचे. उचललेल्या सफरचंदावरची चकाकी एका वेगळ्या लेयरवर कॉपी करून ठेवा. निवडीची कड मऊ असू द्या. मग खालच्या फळावरची चकाकी आजूबाजूच्या सालीने बुजवून टाका. त्यानंतर Curves घ्या आणि मास्क लावून फक्त काळपट बाजू उजळा, इतकी की फळ सगळीकडून साधारण सारखं दिसेल. हे फळ चपटं आणि कंटाळवाणं दिसतं, आणि तसंच दिसायला हवं. ते Curves सकट Smart Object करून ठेवा, म्हणजे कितीही वेळा फिरवलं तरी दर वेळी थोडं थोडं पुसट होत जाणार नाही. आता उलटं करा, 70 अंश फिरवा, Warp ने एक गाल किंचित फुगवा, सगळी मोकळीक आहे.

जागेवर बसवल्यावर उजेड परत द्यायचा. फळाच्या लेयरला क्लिप केलेला Multiply लेयर घ्या. त्यावर मोठ्या मऊ ब्रशने, खऱ्या फळाच्या सावलीतला गडद लाल उचलून, उजवी-खालची बाजू हळूहळू गडद करत न्या. मग जपून ठेवलेली चकाकी डाव्या खांद्यावर ठेवा आणि त्या लेयरचा मोड Lighten करा. चकाकीभोवतीचा लाल भाग खालच्या सालीत बहुतेक विरून जातो, उरेल तेवढा मास्कने पुसा.

इथे लोक उलटी चूक करतात. नक्कल लपवायच्या नादात चकाकीची जागाच बदलत बसतात. फळं वेगवेगळी असावीत, खिडकी एकच आहे. चकाकी प्रत्येक फळावर साधारण त्याच जागी आलेलीच बरी. आकार थोडा ताणा, तेवढं पुरे.

याला एक मर्यादा आहे. फळाची सावलीतली बाजू जवळजवळ काळी असेल, तर उजळल्यावर तिथे साल नाही, नुसते रंगीत दाणे वर येतात. असं फळ नकलेसाठी घेऊ नका, दुसरं शोधा.

फळं मागून पुढे रचा. रिकाम्या बाजूला आठ सफरचंदं लागणार असतील, तर त्यातली दोन-तीनच पूर्ण दिसू द्या, बाकीची एकमेकांच्या आड अर्धी किंवा पाव डोकावणारी ठेवा. एकाच फळाचा एकदा वरचा तुकडा आणि एकदा डावा गाल दिसला, तर कोणी जोडी लावत नाही. जमल्यास एक-दोन खरी फळं वेगळ्या लेयरवर उचलून नकलांच्या पुढे आणून बसवा. नजर पुढच्या फळांवर ठरते आणि ती खरीच असतात. आकार कमी करायचा तर 10-15 टक्के करा, वाढवू मात्र नका, साल लगेच पुसट दिसते. मागची खरी फळं धूसर असतील, तर मागच्या नकलांनाही तेवढंच Gaussian Blur द्या. रंगासाठी Hue 4-5 अंकांनी इकडेतिकडे, बस्स.

दोन फळं टेकतात तिथली बारीक गडद रेघ विसरलात, तर सफरचंदं तरंगतात. ती शुद्ध काळ्या रंगाने काढू नका. मूळ फोटोतल्या खऱ्या फटीतून रंग उचला आणि बारीक ब्रशने टेकण्याच्या जागी गडद, बाहेर जाताना फिकी अशी ओढा.

फळी भरायची असेल, तर हिशोब थोडा वेगळा. एकाच मालाच्या बरण्या ओळीने ठेवल्या की सारख्या दिसणारच, ते खटकत नाही. खटकतं ते प्रत्येक लेबल तितक्याच कोनात वळलेलं आणि प्रत्येक काचेत तंतोतंत तेच प्रतिबिंब. शिवाय मधली बरणी कडेला नेऊन ठेवली, तर तिची जी बाजू दिसायला हवी ती दिसत नाही. कडेची जागा कडेच्याच बरणीने भरा.

तपासणी फोटो 100 टक्के मोठा करून करू नका. त्या आकारात नक्कल दिसतच नाही. उलट तो अंगठ्याएवढा लहान करा. पुन्हा पुन्हा येणाऱ्या खुणा तिथे रांगेत उभ्या राहतात. मग Image मेनूतून Flip Canvas Horizontal करून पाहा. सवयीची रचना मोडते आणि जुळी फळं पटकन सापडतात. सापडली, तर त्यांतल्या एकावरच काम करा. मघाशी नको म्हटलेल्या सफरचंदाच्या देठाचं टोक किंवा एखादा ठिपका तिथे बसवा, किंवा शेजारचं फळ थोडं सरकवून त्या नकलेला अर्धं झाका.

आणि टोपली अजून समोर असेल, तर हे सगळं सोडा. कॅमेरा आणि उजेड न हलवता तीच सफरचंदं उचलून उजवीकडे ठेवा, प्रत्येक थोडं वळवा आणि आणखी दोन फोटो घ्या. ते लेयर म्हणून एकावर एक ठेवून मास्क केले की दहा मिनिटांत टोपली भरते, आणि चकाकीच्या वाटेला जावंच लागत नाही.