मायनस नंबर आणि चाळिशी एकत्र आली की चष्मा कसा निवडावा

मोठ्या नंबराचा चष्मा घ्यायला गेलेलं माणूस सहसा आधी आरशासमोर उभं राहून फ्रेम पसंत करतं आणि मग काउंटरवर बसून काचांबद्दल विचारतं. तोवर काच किती जाड होणार हे बरंचसं ठरून गेलेलं असतं. काचेवर चार-पाच हजार जास्त घालून जे साधत नाही, ते फ्रेम थोडी अरुंद घेतल्याने साधतं. चाळिशी लागली असेल आणि एकाच काचेतून दूरचं, मधलं आणि जवळचं दाखवणारी प्रोग्रेसिव्ह काच घ्यायची असेल, तर फ्रेमच्या निवडीवर दुप्पट काही अवलंबून असतं.

एक उदाहरण धरून चालू. वय ४६, दोन्ही डोळ्यांना मायनस ५, वाचण्यासाठी ॲडिशन १.२५. म्हणजे दूरचं पाहायला मायनस ५ आणि जवळचं पाहायला मायनस ३.७५. मायनस अडीचवाला माणूस चष्मा काढून हातभर अंतरावरचं पुस्तक वाचू शकतो. मायनस ५वाल्याला चष्म्याशिवाय साधारण २० सेंटिमीटरवरचंच स्पष्ट दिसतं, म्हणून त्याला ती सोय नाही.

पहिलं काम: पीडी मोजून घ्या

पीडी म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ते अनेकदा नसतं. दुकानात यंत्रावर मोजून मागा, आणि नाकाच्या मध्यापासून प्रत्येक डोळ्याचं वेगळं मागा. चेहरा दोन्ही बाजूंनी अगदी सारखा क्वचितच असतो. आपल्या उदाहरणात उजवीकडे ३०.५ आणि डावीकडे ३१.५, मिळून ६२ मिलिमीटर धरू.

दुसरं काम: काडीच्या आतले आकडे वाचा

फ्रेमच्या काडीवर आतल्या बाजूला ५४□१८-१४० असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची रुंदी आणि तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज आपल्या पीडीच्या जितकी जवळ, तितकं चांगलं.

मायनस नंबराची काच मध्यभागी पातळ असते आणि कडेकडे जाड होत जाते. तिचा मध्य आपल्या बाहुलीसमोर यावा लागतो. ५४ आणि १८ची बेरीज ७२ होते. पीडी ६२ असेल तर प्रत्येक काचेचा मध्य ५ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो. मग कानाकडची कड मध्यापासून २७ अधिक ५, म्हणजे ३२ मिलिमीटर दूर जाते. जाडी या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दोन-चार मिलिमीटरचाही फरक डोळ्यात भरतो.

इंडेक्स म्हणजे काचेचा पदार्थ प्रकाश किती वळवतो त्याचा आकडा, तो जितका मोठा तितकी काच पातळ. हीच काच साध्या १.५ इंडेक्सची घेतली तर त्या कडेला सुमारे ७ मिलिमीटर जाड येईल. १.६ इंडेक्समध्ये साधारण पावणेसहा आणि सगळ्यात महागड्या १.७४मध्ये पावणेपाच. आता फ्रेम बदलून ४८□१८ घ्या. बेरीज ६६, मध्य फक्त २ मिलिमीटर सरकतो आणि कड २६ मिलिमीटरवर येते. या फ्रेममध्ये १.६ची काच जेमतेम सव्वाचार मिलिमीटर होते. म्हणजे मध्यम किमतीची काच लहान फ्रेममध्ये सर्वांत महागड्या काचेपेक्षा पातळ! मध्यभागाची जाडी कंपनीगणिक थोडी बदलते, त्यामुळे हे आकडे अंदाजाचे आहेत, पण क्रम बदलत नाही.

तिसरं काम: फ्रेम चेहऱ्यावर बसते का ते तपासा

गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम वगैरे सल्ले दिसण्याचे आहेत, ते आपल्या आवडीने ठरवा. बसण्याच्या कसोट्या वेगळ्या. फ्रेम घालून मोकळं हसा. गालांनी ती वर उचलली जात असेल तर ती तुमच्यासाठी नाही. मान खाली घालून दोनदा हलवा, नाकावरून घसरता कामा नये. पापण्यांचे केस काचेला लागता कामा नयेत. काडी कानापर्यंत जाताना कानशिलाला दाबत असेल तर तासाभरात डोकं दुखू लागतं, आणि काडीचा वाक कानाच्या थोडा पुढे किंवा बराच मागे पडत असेल तर फ्रेम टिकून राहत नाही.

नाकाचं हाड वरच्या बाजूला फारसं उंच नसेल तर जाड प्लॅस्टिकच्या फ्रेम सतत खाली येतात, कारण त्यांचा पूल हलवता येत नाही. अशांनी धातूची, नोजपॅड असलेली फ्रेम घ्यावी. ते पॅड वाकवून चष्मा वर-खाली, पुढे-मागे करता येतो. प्रोग्रेसिव्हसाठी तर ही सोय फार मोलाची, कारण तिथे चष्मा एक-दोन मिलिमीटर घसरला तरी वाचायचा भाग हलतो.

दुचाकी चालवत असाल तर हेल्मेट सोबत न्या. जाड काड्या हेल्मेटच्या आत कानामागे रुततात.

प्रोग्रेसिव्हसाठी आणखी एक माप लागतं, ते म्हणजे बाहुलीच्या मध्यापासून फ्रेमच्या खालच्या आतल्या कडेपर्यंतची उंची. ती निदान १८ मिलिमीटर असावी. म्हणून फ्रेम रुंदीला लहान हवी, पण चपटी नको. ४८ रुंद आणि ३४-३६ उंच, कडा गोलसर, असा आकार आपल्या उदाहरणाला उत्तम. पूर्वी पट्टीसारख्या अरुंद फ्रेमची फॅशन होती, त्यात वाचायचा भाग कापलाच जातो.

चौथं काम: इंडेक्स गरजेपुरताच घ्या

मायनस २पर्यंत १.५ पुरतं. मायनस ४ ते ६ला १.६ हा माझ्या मते सगळ्यात समंजस पर्याय, आणि मायनस ६-७च्या पुढे १.६७ किंवा १.७४चा विचार करा. जास्त इंडेक्स म्हणजे सगळंच जास्त चांगलं, असं दुकानात भासवलं जातं, पण प्रकाशाचे रंग विस्कटण्याचा दोष इंडेक्सबरोबर साधारण वाढतो. हा दोष अॅबे क्रमांकाने मोजतात आणि हा क्रमांक जितका मोठा तितका दोष कमी. १.५ला तो ५८च्या आसपास, १.६ला सुमारे ४१, १.६७ आणि १.७४ला ३२-३३, तर पॉलिकार्बोनेटला ३०. मोठ्या नंबरात काचेच्या कडेतून पाहिलं की पांढऱ्या पाटीवरच्या काळ्या अक्षरांना निळसर-पिवळी किनार दिसते, ती याचमुळे. पॉलिकार्बोनेटचा खरा गुण म्हणजे ते सहज फुटत नाही. मुलांसाठी आणि खेळताना ते घ्यावं.

पाचवं काम: अँटीग्लेअर घ्याच, पण कशासाठी ते समजून

१.५ची काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी दोन्ही पृष्ठभाग मिळून साधारण ८ टक्के परत फेकते. १.६७ची काच सुमारे १२ टक्के. म्हणजे काच जितकी पातळ घ्याल, तितकी अँटीग्लेअरची गरज वाढते. या लेपात अतिशय पातळ थर एकावर एक चढवलेले असतात. वेगवेगळ्या थरांवरून परतणारे किरण एकमेकांना मारतात आणि तो प्रकाश डोळ्याकडे जातो. मायनस काचेच्या जाड कडेत दिसणारी वर्तुळंही कमी होतात.

रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर दिवा मात्र तसाच दिसणार. काचेच्या आत उमटणारं त्याचं प्रतिबिंब तेवढं जातं. लेप आहे की नाही हे ओळखणं सोपं आहे. काच ट्यूबलाइटखाली तिरकी धरा. ट्यूबचं प्रतिबिंब लख्ख पांढरं दिसलं तर लेप नाही, फिकट हिरवं किंवा जांभळं दिसलं तर आहे.

याच वेळी ब्लूकटचा आग्रह होतो. संगणकासमोर डोळे शिणतात ते मुख्यतः आपण पापण्या कमी लवतो म्हणून. निळा प्रकाश गाळणाऱ्या काचांनी हा शीण कमी होतो असा भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. २०२३च्या कॉक्रेन आढाव्याचा निष्कर्षही तोच होता. त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका.

लेप टिकवायचा तर काच कोरडी पुसू नका. आधी पाण्याखाली धरा म्हणजे धूळ निघून जाईल, मग मऊ फडक्याने टिपा. उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवणं सर्वांत वाईट. प्लॅस्टिक तापून फुगतं, वरचा लेप तितका फुगत नाही आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. त्या दुरुस्त होत नाहीत.

सहावं काम: प्रोग्रेसिव्ह आपल्या दिवसाप्रमाणे ठरवा

प्रोग्रेसिव्ह काचेत वरून दूरचं, मधून संगणकाचं आणि खालून वाचायचं दिसतं, मध्ये रेषा नसते. त्याची किंमत म्हणून दोन्ही बाजूंना खाली धूसर, डुलणारे पट्टे येतात. ते कोणत्याही कंपनीला पुसून टाकता येत नाहीत. महागड्या रचनेत ते कडेला ढकललेले असतात आणि मधला वापरायचा पट्टा रुंद असतो. ॲडिशन वाढेल तसे हे पट्टे तीव्र होतात, म्हणून १.२५ला सवय करून घेणं २.५०ला सुरुवात करण्यापेक्षा कितीतरी सोपं.

दिवसाचे सात-आठ तास संगणकासमोर जात असतील तर नुसत्या प्रोग्रेसिव्हने मान दुखेल, कारण मधला पट्टा अरुंद असतो आणि त्यातून पाहायला हनुवटी उचलावी लागते. मग ऑफिस लेन्सचा वेगळा चष्मा टेबलावर ठेवावा. तो वाचनापासून दोनेक मीटरपर्यंतचं रुंद दाखवतो, पण घालून गाडी चालवता येत नाही.

मापं घेताना एक पथ्य दुकानदाराकडून पाळून घ्या. निवडलेली फ्रेम आधी तुमच्या नाका-कानावर नीट बसवायची, आणि मगच काचेवर पेनाने बाहुलीची खूण करायची. उलट क्रमाने केलं तर नंतर फ्रेम आवळली की सगळी उंची चुकते. पहिला प्रोग्रेसिव्ह ऑनलाइन मागवू नका, ते याचसाठी.

चष्मा घेताना

नवा चष्मा मिळेल तेव्हा काचेवरच्या पिवळ्या-पांढऱ्या खुणा पुसण्याआधी घाला. प्रत्येक काचेवरचा अधिकच्या चिन्हासारखा छोटा क्रॉस तुमच्या बाहुलीच्या बरोबर मध्यावर आला पाहिजे. नंबर यंत्रावर लावून चिठ्ठीशी जुळवायला सांगा.

पहिले काही दिवस जमीन किंचित हलल्यासारखी वाटते, जिन्यावर हनुवटी खाली करून पाहावं लागतं आणि बाजूचं पाहायला नुसते डोळे न फिरवता मान वळवावी लागते. बहुतेकांना दोन आठवड्यांत हे अंगवळणी पडतं. पण सरळ पाहताना दूरचं धूसर दिसत असेल आणि हनुवटी खाली केली की स्पष्ट होत असेल, तर काच वर बसली आहे. वाचायला डोकं खूप मागे टाकावं लागत असेल तर ती खाली बसली आहे. समोर धरलेलं पुस्तक एका बाजूला सरकवलं तरच स्पष्ट होत असेल तर पीडी चुकली असण्याची शक्यता जास्त. या तक्रारी सवयीने जात नाहीत. आधी नोजपॅड वाकवून पाहायला सांगा. तेवढ्याने भागलं नाही तर काचा बदलून घ्याव्या लागतात. म्हणून सवय न झाल्यास काचा बदलून मिळतील का आणि किती दिवसांत, हे पैसे भरण्याआधी विचारून बिलावर लिहून घ्या.