अपूर्णांकाचा पहिला तास: सांगावं की शोधू द्यावं? या चुका टाळा

खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत तिसरी-चौथीला अपूर्णांक सुरू करताना शिक्षकांचे दोन तट पडतात. एक फळ्यावर 1/4 लिहून अंश-छेदाची व्याख्या पाठ करून घेतो. दुसरा मुलांच्या हातात कागद देतो आणि ‘तुम्हीच शोधा’ म्हणून बाजूला होतो. दोघांची चूक एकच: अख्ख्या तासासाठी एकच पद्धत धरायची. निवड तासाची करू नका, त्या तासातल्या एकेका गोष्टीची करा.

समान वाटणी म्हणजे काय, हे मुलांना करून कळतं. पण छेद खाली का लिहायचा, हे कितीही घड्या घातल्या तरी कळणार नाही. तो लिहिण्याचा ठरलेला रिवाज आहे आणि रिवाज सांगावाच लागतो. ‘चारातला एक भाग कसा लिहाल ते शोधा’ असं विचारलं की कुणी 4-1 लिहितं, कुणी 41, आणि दहा मिनिटं हकनाक जातात.

आता शोधायला देण्यातली चूक. सगळ्यांत जास्त घोटाळा साहित्यात होतो, आणि तो सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ‘वहीच्या कागदाची पट्टी फाडा आणि भाग करा’ असं सांगितलं की प्रत्येकाची पट्टी वेगळ्या लांबीची निघते. एकाची 24 सेंमी, शेजारच्याची 18. पहिल्यानं चार समान भाग केले, दुसऱ्यानं तीन. दोघांचा एकेक भाग 6 सेंमीच भरतो. एकमेकांवर ठेवून पोरगी ओरडते, “बाई, दोन्ही सारखंच आलंय की!” तिनं पाहिलं ते बरोबरच आहे, पण 1/3 आणि 1/4 सारखेच असतात असा निष्कर्ष घेऊन ती घरी जाते. म्हणून पट्ट्या आदल्या दिवशी आपणच कापून ठेवाव्यात, सगळ्या 24 सेंमीच्या. 24 ला 2, 3, 4, 6, 8 यांनी भाग जातो, त्यामुळे मोजपट्टीनं मोजून तिसरा भागही नेमका करता येतो. नुसत्या घड्यांवर राहिलं तर अर्धा, पाव, अर्धपाव यापलीकडे मुलं जात नाहीत. गोल भाकरीचे तीन सारखे तुकडे करायला तर मोठ्यांनाही जमत नाही, पहिल्या तासाला ती नकोच.

तास असा लावून बघा. एक पट्टी म्हणजे एक भाकरी, ती चौघांत वाटायची. इथं पद्धत सांगू नका, फक्त फिरत राहा आणि एकच प्रश्न विचारा: “सारखे झाले हे मला दाखव बघू.” तुकडे एकावर एक ठेवले की चुकलेला भाग स्वतःच बाहेर डोकावतो. शोधायला द्यायचं काम असंच असावं. जिथं चूक मुलाला स्वतःला दिसत नाही, तिथं शोध बाईंच्या मान डोलावण्याकडे बघत चालतो.

मग सगळ्यांना थांबवून लिखाण सरळ सांगा: खाली किती समान भाग केले, वर त्यातले किती घेतले. लगेच एक फसवं चित्र काढा. वर्तुळात तीन उभ्या रेषा, भाग चार, पण कडेचे बारीक आणि मधले रुंद. यातला कडेचा भाग 1/4 का नाही, हे मुलांकडूनच वदवून घ्या.

शेवटी 1/3 मोठा की 1/4? आधी हात वर करून अंदाज. बरेच हात 1/4 ला जातील, कारण चार तिनापेक्षा मोठे. हे हात चुकीचे म्हणून लगेच खाली आणू नका. 8 सेंमीचा तुकडा 6 सेंमीच्या तुकड्याशेजारी ठेवू द्या.

इथं घाईनं ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ हा नियम सांगणं, ही मला सरळ शिकवण्यातली सगळ्यांत महाग चूक वाटते. पोरं तो पाठ करतात आणि पुढं 3/4 आणि 1/2 मध्ये 3/4 लहान म्हणतात. नियम अंश सारखा असतानाच खरा आहे, आणि ही अट पहिल्या तासाला त्यांच्या डोक्यात राहत नाही.

एकाच खोलीत दोन इयत्ता असतील तर हिशेब बदलतो. वाटणीच्या वेळी बाईंना फिरावंच लागतं, नाहीतर बाकावरचा एक हुशार पोरगा घडी घालतो आणि बाकीचे नक्कल करतात. अशा वर्गात एकच पट्टी पुढं सगळ्यांदेखत दुमडावी, पुढच्या घडीला काय होईल ते प्रत्येकाकडून पाटीवर लिहून घ्यावं, आणि पट्ट्या हातात दुसऱ्या दिवशी द्याव्यात.

दुसऱ्या दिवशी पाटीवर दोनच प्रश्न पुरेत: असमान चार भागांची पट्टी दाखवून ‘हा 1/4 आहे का?’, आणि ‘1/5 मोठा की 1/6?’ पहिला चुकला तर पट्ट्या पुन्हा वाटा. दुसराच चुकला तर पूर्ण तासाची गरज नाही, 30 सेंमीच्या दोन पट्ट्या घेऊन एकीचे पाच, दुसरीचे सहा भाग करून शेजारी ठेवले की काम होतं.