जाहिरातीचं पेमेंट अडलं आणि खातं थांबलं: पुन्हा पैसे भरण्याआधी करायची तयारी

चालू जाहिराती अचानक थांबल्या आणि खात्यावर निर्बंध आल्याची सूचना दिसली, की बहुतेक जण आधी जाहिरातीच चाळायला घेतात. कुठला शब्द खटकला असेल, कुठला फोटो नियमात बसला नसेल, असा शोध सुरू होतो. अडचण पैशांची असेल तर या शोधात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे निर्बंध नेमका कशासाठी आहे ते ठरवणं. सूचना ईमेलने आली असेल तर त्यातल्या लिंकवर जाऊ नका. ‘तुमचं पेमेंट झालं नाही, कार्डाची माहिती पुन्हा भरा’ अशा बनावट ईमेलची या धंद्यात रेलचेल आहे. नेहमीच्या पद्धतीने खात्यात लॉगिन करा आणि बिलाचं पान उघडा. ईमेलमधली गोष्ट खरी असेल तर ती तिथेही दिसेलच.

मजकुरामुळे झालेली कारवाई सहसा जाहिरातीच्या पातळीवर दिसते: अमुक जाहिरात नाकारली, अमुक धोरण मोडलं. बिलामुळे झालेल्या कारवाईत जाहिराती मंजूरच असतात, फक्त धावत नाहीत. आणि बिलाच्या पानावर थकलेली रक्कम किंवा अपयशी व्यवहार नोंदलेला असतो. इथेच थांबू नका, कारण बिलाच्या कारणातही दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. एक म्हणजे साधी थकबाकी: पैसे भरले की खातं पुन्हा सुरू. दुसरा म्हणजे पेमेंटबद्दलचा संशय: कार्ड तुमचंच आहे का, व्यवहार खरा आहे का, याची शंका. या दुसऱ्या प्रकारात पैसे भरून भागत नाही, पुनरावलोकनाची विनंती करावी लागते. गूगल ॲड्समध्ये हा फरक निलंबनाच्या कारणातच वाचता येतो, `Unpaid balance` किंवा `Suspicious payments` असा. मेटाचं खातं तुम्ही त्यांच्या एपीआयमधून चालवत असाल तर एका ओळीत उत्तर मिळतं:

```
GET /act_<AD_ACCOUNT_ID>?fields=account_status,disable_reason,balance,spend_cap
```

इथे `account_status` 3 आला तर खात्यावर थकबाकी आहे, 9 आला तर पैसे भरायला दिलेली वाढीव मुदत चालू आहे. 2 म्हणजे खातं बंद केलं आहे, आणि मग `disable_reason` पाहायचं: 1 असेल तर जाहिरातींच्या धोरणाचा प्रश्न, 3 असेल तर पेमेंटमधल्या जोखमीचा. एक बारकावा ध्यानात असू द्या: `balance` हा आकडा चलनाच्या सर्वांत लहान एककात येतो. शंभर उपएककांचं चलन असेल तर 50000 म्हणजे थकबाकी 500. हा आकडा बघून घाबरलेली माणसं मी पाहिली आहेत. आणि `spend_cap` यासाठी मागवायचं, की खात्यावर कुणी खर्चाची कमाल मर्यादा लावून ठेवली असेल आणि ती संपली असेल, तरी जाहिराती थांबतात. तेव्हा ना बँकेचा दोष असतो, ना निर्बंध असतो. मर्यादा वाढवली की काम झालं.

प्रकार थकबाकीचा आहे हे नक्की झालं, की `Pay now` दाबायचा मोह होतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी बँकेकडे बघा. व्यवहार जाहिरात कंपनीने नाकारलेला नसतो, बहुतेक वेळा तो कार्ड देणाऱ्या बँकेने नाकारलेला असतो, आणि खरं कारण बँकेलाच माहीत असतं. जाहिरातीच्या पानावर फक्त ‘पेमेंट अयशस्वी’ एवढंच दिसतं. बँकेला फोन करताना व्यवहाराची तारीख, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा आणि नकाराचा कोड विचारा. 51 म्हणजे शिल्लक अपुरी. 54 म्हणजे कार्डाची मुदत संपली. 57 म्हणजे या कार्डावर अशा प्रकारच्या व्यवहाराला परवानगीच नाही. 61 म्हणजे रक्कम मर्यादेबाहेर, आणि 65 म्हणजे ठरावीक काळात फार वेळा प्रयत्न झाले. 05 हा सर्वांत त्रासदायक, कारण त्यात बँक फक्त ‘नाही’ म्हणते. अशा वेळी फसवणूक रोखणाऱ्या विभागाने व्यवहार अडवला का, हा नेमका प्रश्न विचारा. फोनवर ‘सगळं ठीक आहे, पुन्हा करून बघा’ असं उत्तर मिळालं तर समाधान मानू नका. त्या विशिष्ट प्रयत्नाची नोंद बँकेकडे पोहोचली होती का, तेवढं विचाराच. नोंदच नसेल तर अडथळा बँकेच्या अलीकडे आहे आणि कार्ड काढून पुन्हा जोडणं किंवा दुसरं साधन लावणं हाच रस्ता उरतो.

एक उदाहरण घेऊ, कारण हा घोळ वारंवार होतो आणि तो चटकन समजत नाही. समजा एका शिकवणी वर्गाच्या जाहिराती स्वयंचलित पेमेंटवर चालू आहेत. या पद्धतीत खर्च आधी होतो आणि दोनपैकी जे आधी घडेल तेव्हा कार्डावर बिल पडतं: ठरलेली बिल-मर्यादा गाठली, किंवा महिन्याची बिलाची तारीख आली. नव्या खात्याला ही मर्यादा लहान मिळते, आणि पैसे वेळच्या वेळी वसूल होत गेले की ती आपोआप वाढते. आपल्या उदाहरणात ती 100 वरून 200, मग 300, आणि आता 500 झाली आहे. कार्डावर शिल्लक 3000 आहे, पण मालकाने कधीतरी सुरक्षेसाठी एका ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा 400 लावली होती. 100, 200, 300 ची बिलं सुरळीत गेली. 500 चं पहिलंच बिल फसलं. मालक म्हणतो, पैसे आहेत, कार्ड चालू आहे, कालच याच कार्डाने दुसरी खरेदी झाली. मग कंपनीनेच खातं अडवलं. त्याचं म्हणणं चुकीचं वाटत नाही, तरी खूण स्पष्ट आहे: लहान रकमा जातात आणि मोठी अडते. बँकेत विचारलं तर 61 निघतो.

आता इथे लोक काय करतात, तर `Pay now` पुन्हा पुन्हा दाबतात. प्रत्येक वेळी रक्कम तीच 500 असते, त्यामुळे प्रत्येक वेळी नकारच मिळतो. चार-पाच नकारांनंतर 61 च्या जागी 65 किंवा 05 येऊ लागतो, म्हणजे आता बँकेलाही हे कार्ड चोरीचं वाटायला लागतं. तिकडे जाहिरात कंपनीच्या यंत्रणेलाही लागोपाठ फसलेली पेमेंटं जोखमीची वाटतात, आणि साध्या थकबाकीचं रूपांतर संशयात होण्याची भीती असते. तेव्हा क्रम असा ठेवा: बँकेच्या ॲपमध्ये एका व्यवहाराची मर्यादा 500 च्या बरीच वर न्या, कारण पुढची बिल-मर्यादा आणखी वाढणार आहे. रोजची एकूण मर्यादा वेगळी असते, तीही बघा. परदेशी व्यवहारांचा पर्याय चालू आहे का ते तपासा. बिल आपल्याच चलनात येत असलं तरी पैसे घेणारी कंपनी दुसऱ्या देशात नोंदलेली असू शकते आणि बँकेच्या लेखी तो व्यवहार परदेशी ठरतो. पुष्कळ प्रीपेड आणि आभासी कार्डं इथेच अडकतात. हे सगळं झाल्यावर, आणि बँकेने तात्पुरता अडसर काढल्याचं सांगितल्यावर, एकदाच प्रयत्न करा.

त्या प्रयत्नाआधी खात्यातली दोन कामं उरकून घ्या. पहिलं, सगळ्या मोहिमांवर नजर टाका आणि ज्या आता नको आहेत त्या थांबवून ठेवा. पैसे भरले गेले की थांबलेल्या जाहिराती पुन्हा धावू लागतात, आणि मागच्या आठवड्यात संपलेल्या सवलतीची जाहिरातही त्यात असू शकते. दुसरं, पर्यायी पेमेंट साधन जोडा. मुख्य कार्ड नाकारलं गेलं तर बिल त्यावर जातं. ते दुसऱ्या बँकेचं असावं. एकाच बँकेची दोन कार्डं एकाच कारणाने एकाच वेळी अडू शकतात. ते कार्ड खातेदाराच्या किंवा व्यवसायाच्या नावाचंच असू द्या. घाईत मित्राचं कार्ड जोडणं हा संशय ओढवून घ्यायचा हमखास मार्ग आहे.

प्रकार संशयाचा असेल तर तयारी वेगळी लागते, आणि विनंती पाठवण्याआधीच ती पुरी करावी, कारण अर्धवट विनंती नाकारली गेली की पुढचं काम अवघड होतं. कार्डधारकाचं ओळखपत्र, ज्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि जाहिरातीचा एखादा जुना यशस्वी व्यवहार दिसतो असं बँकेचं विवरण, आणि व्यवसायाची नोंदणी, हे कागद जमवा. मग नाव आणि पत्ता तिन्ही ठिकाणी अक्षरशः सारखे आहेत का ते जुळवा: कागदावर, कार्डाच्या बिलिंग पत्त्यात आणि खात्याच्या पेमेंट प्रोफाइलमध्ये. एका ठिकाणी पूर्ण नाव आणि दुसरीकडे आद्याक्षरं असतील तर आधी प्रोफाइल दुरुस्त करा. कार्ड ग्राहकाचं आणि खातं चालवणारे तुम्ही असाल तर ग्राहकाचं सहीचं संमतिपत्र जोडा. कार्डाचा फोटो मागितला तर मधले आकडे झाका, आणि मागच्या बाजूचा तीन अंकी कोड कुणालाही, कधीही पाठवू नका. विनंतीत घडलेलं तेवढंच लिहा: कुठल्या तारखेला कुठलं बिल फसलं, बँकेने काय कारण दिलं, ते कसं दूर केलं. आमच्या जाहिराती नियमात बसतात हे पटवण्यात शब्द घालवू नका, तो प्रश्न इथे कुणी विचारलेलाच नाही.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. जुनं खातं अडलं म्हणून तेच कार्ड लावून नवं खातं उघडू नका. यंत्रणा खात्यांची नाती कार्डावरून आणि लॉगिनवरून ओळखते, आणि निर्बंध चुकवण्याचा प्रयत्न म्हणून नवं खातंही बंद होऊ शकतं. तेव्हा कारण बिलाचं न राहता धोरणभंगाचं होतं. आणि बिलाची रक्कम चुकीची वाटली तर थेट बँकेकडे चार्जबॅक मागू नका. बँकेने पैसे परत ओढले की खात्यावर पुन्हा थकबाकी चढते आणि तेवढ्यावरूनही खातं निलंबित होतं. आधी जाहिरात कंपनीच्या बिलिंग विभागाकडे व्यवहार क्रमांकासह तक्रार करा. बँकेत दिसणारी रक्कम कार्ड तपासण्यासाठी तात्पुरती अडवून ठेवलेली छोटीशी रक्कम असेल तर ती आपोआप सुटते.

पैसे जमा झाल्यावर `Billing & payments` मध्ये शिल्लक शून्य झाली का ते पाहा, आणि पावती उतरवून घ्या. तिथेच नवी बिल-मर्यादा आणि पुढच्या बिलाची तारीख दिसते. मेटाच्या पेमेंट सेटिंगमध्ये मर्यादा बदलायचा पर्याय दिसत असेल तर ती कार्डाला पेलेल इतकी खाली आणा: बिलं जास्त वेळा पडतील, पण लहान पडतील. तो पर्याय नसेल तर कार्डाची मुदत संपायची तारीख, बँकेतली व्यवहार-मर्यादा आणि खात्यातली बिल-मर्यादा हे तीन आकडे एकाखाली एक लिहून ठेवा, आणि दर बिलानंतर तिसरा आकडा दुसऱ्याच्या किती जवळ आला ते बघत जा.